कोकणातल्या कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूमनामा परदेशात कसा चालवायचा: पुनर्विवाह नोंदणी आणि नव्या व्हिसासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड या जिल्ह्यांतल्या कोर्टांत घटस्फोट झाला आहे, आणि पुढचं लग्न किंवा पुढची नोकरी इंग्लंडात, अमेरिकेत नाहीतर आखातात आहे, अशांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. निकाल लागला की काम संपलं असं बहुतेकांना वाटतं. परदेशी अधिकाऱ्याला मात्र तीन गोष्टी कागदावरच दिसाव्या लागतात. घटस्फोट अंतिम झालेला आहे, तो याच माणसाचा आहे, आणि कागद खरा आहे. खालची बहुतेक उत्तरं या तीन गोष्टींभोवतीच फिरतात.

कोर्टाने निकाल दिला. आता नेमका कोणता कागद हातात असायला हवा?

हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत, म्हणजे कोर्टात ज्याला सर्टिफाइड कॉपी म्हणतात ती. इथे दोन वेगळे कागद असतात. न्यायनिर्णयात हकीकत, पुरावा आणि कारणं असतात. हुकूमनामा एक-दोन पानांचा असतो आणि अमुक तारखेला झालेला विवाह अमुक तारखेपासून विच्छेदित झाला, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. परदेशी कार्यालयाला मुख्यतः हुकूमनामा लागतो, पण न्यायनिर्णयाचीही प्रमाणित प्रत काढून ठेवा. परस्पर संमतीचा घटस्फोट असेल तर संमतीच्या अटींचीही काढा, कारण मुलांचा ताबा, पोटगी आणि दागिन्यांचा हिशेब बहुधा तिथेच असतो.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) प्रमाणे दोन्ही पक्षांना हुकूमनाम्याची एक प्रत कोर्टाने विनामूल्य द्यायची असते. ती मागून घ्या. त्याखेरीज नकलेचा अर्ज करून आणखी दोन प्रती काढा. एक प्रत शिक्कामोर्तबासाठी मुंबईला जाते, एक पासपोर्ट आणि विवाह नोंदणीच्या कामात फिरते आणि एक घरी राहते. एकाच प्रतीवर सगळं भागवायला गेलात, तर ती मुंबईत अडकलेली असताना इथे नोंदणी अधिकारी तिचीच मागणी करतो.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरून उतरवलेली निकालाची पीडीएफ माहितीपुरती असते, प्रमाणित प्रत म्हणून ती चालत नाही. मात्र त्यावरचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या खटल्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, टिपून ठेवा. नकलेच्या अर्जात तो घातला की फाइल शोधणं सोपं जातं.

प्रमाणित प्रत हातात आली की काय तपासायचं?

शेवटच्या पानावर, पुष्कळदा मागच्या बाजूला, नक्कल शाखेचा शिक्का असतो. त्यात अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली आणि कधी दिली, या तारखा हाताने भरलेल्या असतात. अपिलाची मुदत मोजायला त्याच तारखा लागतात, म्हणून त्या स्वच्छ वाचता येतात का ते पाहा. सहीखाली अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा आहे का, कोर्टाचा गोल शिक्का पूर्ण उमटला आहे का, हेही तिथेच काउंटरवर बघून घ्या. अर्धवट उमटलेल्या शिक्क्यामुळे पुढे मुंबईतून कागद परत येतो आणि पुन्हा रत्नागिरी किंवा ओरोसची फेरी पडते.

दोन गोष्टी कधीही करू नका. कागद लॅमिनेट करू नका, कारण त्यावर पुढचे शिक्के आणि स्टिकर लागत नाहीत. आणि स्कॅन करण्यासाठी टाचण्या किंवा दोरा काढू नका. उसवलेली प्रत बघितली की पानं बदलली असावीत असा संशय येतो. पान दुमडून स्कॅन करा, कोपरा वाकडा आला तरी चालेल.

निकालानंतर लगेच लग्न करता येतं का?

हिंदू विवाह कायद्याचं कलम १५ सांगतं की अपिलाचा अधिकारच नसेल, किंवा मुदतीत अपील झालं नसेल, किंवा झालेलं अपील फेटाळलं गेलं असेल, तरच पुन्हा लग्न करता येतं. कलम २८ प्रमाणे अपिलाची मुदत ९० दिवसांची आहे. ती २००३ च्या दुरुस्तीपर्यंत ३० दिवसांची होती. जुन्या पुस्तकांत आणि काही जाणत्यांच्या तोंडीही अजून तीस दिवस आढळतात, त्यावर विसंबू नका.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात थोडा फरक पडतो. हुकूमनामा कौटुंबिक न्यायालयाने दोघांच्या संमतीने दिला असेल, तर कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १९(२) प्रमाणे त्यावर अपील नाही. पण कौटुंबिक न्यायालय नसलेल्या ठिकाणी असे अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यापुढे चालतात, आणि कोकणातले पुष्कळ हुकूमनामे त्यांचेच असतात. तिथे कलम १९(२) लावता येत नाही. संमतीचा असला तरी अशा हुकूमनाम्यानंतर ९० दिवस थांबावं, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. मुदतीच्या आत झालेला विवाह आपोआप शून्य ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये लीला गुप्ता प्रकरणात सांगितलेलं आहे. पण व्हिसा अधिकारी तो निकाल वाचायला बसत नाही. त्याला दोन तारखा फार जवळजवळ दिसतात आणि तो प्रश्न विचारतो.

अपील झालेलं नाही याचा दाखला कुठे मिळतो?

अपील ज्या कोर्टात होऊ शकलं असतं, तिथे. वरिष्ठ स्तर न्यायालयाचा हुकूमनामा असेल तर जिल्हा न्यायालयात अर्ज करायचा: रत्नागिरीकरांनी रत्नागिरीत, सिंधुदुर्गवाल्यांनी ओरोसला आणि रायगडकरांनी अलिबागला. कौटुंबिक न्यायालयाच्या हुकूमनाम्यावरचं अपील उच्च न्यायालयात जातं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे आहेत, त्यामुळे आता चौकशी तिकडे करावी लागते.

मुदत संपण्याआधी अर्ज केला तर उपयोग नाही, दाखल्यात आजपर्यंत अपील नाही एवढंच येईल. भारतातल्या नोंदणीसाठी हा दाखला नेहमीच मागतात असं नाही, पण परदेशात लग्न लावायचं असेल तर काढलेला बरा. आपल्या हुकूमनाम्यावर तो अंतिम असल्याचा वेगळा शेरा नसतो. इंग्लंडसारख्या देशात मात्र घटस्फोटाचा अंतिम आदेश हा स्वतंत्र कागदच असतो. तशा पद्धतीत वावरणारा अधिकारी आपल्या हुकूमनाम्यात ते वाक्य शोधतो. ते काम आपल्याकडे हा दाखला करतो.

हुकूमनाम्यात नाव किंवा तारीख चुकली आहे. पुन्हा दावा करावा लागेल का?

नाही. टंकनाची किंवा आकड्यांची चूक दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली त्याच कोर्टाकडून दुरुस्त करून घेता येते, आणि त्याला मुदतीचं बंधन नाही. अर्जासोबत मूळ विवाह प्रमाणपत्र, आधार किंवा पासपोर्टची प्रत जोडायची. दुसऱ्या पक्षाने हरकत नसल्याची पुरशीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, दिली तर काम लवकर होतं. दुरुस्तीनंतर प्रमाणित प्रती नव्याने काढायच्या आणि जुन्या बाजूला ठेवायच्या.

परदेशी अर्ज अडण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे. अर्जात लग्नाची तारीख विधींची लिहिलेली असते आणि प्रमाणपत्रावर ती एका दिवसाने वेगळी असते. किंवा नवऱ्याचं आडनाव एकीकडे इंग्रजीत दोन ए घालून आणि दुसरीकडे एकच ए घालून असतं. आपल्याला ते किरकोळ वाटतं. परदेशी अधिकाऱ्याच्या दृष्टीने मात्र हा हुकूमनामा दुसऱ्याच कुठल्या विवाहाचा असू शकतो. ही तपासणी शिक्कामोर्तबाच्या आधी करा. अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचं परदेशासाठीचं परराष्ट्र मंत्रालयाचं प्रमाणीकरण, झाल्यावर चूक सापडली तर सगळी साखळी पहिल्यापासून.

माहेरचं आणि सासरचं नाव वेगळं असणं ही मात्र चूक नव्हे, त्यासाठी कलम १५२ नको. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि पहिल्या लग्नाचं प्रमाणपत्र एवढ्यावर बहुधा भागतं. नाव कायमचं बदलायचं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करून घ्या.

काडीमोड, स्टॅम्प पेपरवरची फारकत किंवा खुलानामा परदेशात चालतो का?

नोटरीपुढे शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलेल्या फारकतीने हिंदू विवाह संपत नाही. कायद्याच्या कलम २९(२) ने रूढीने होणारा घटस्फोट राखून ठेवला आहे हे खरं, पण ती रूढी त्या समाजात आहे हे पुराव्याने सिद्ध करावं लागतं. व्हिसा कार्यालय असा पुरावा घेत बसत नाही. घरात दहा वर्षांपूर्वी काडीमोड झालेला असेल आणि दोघं राजी असतील, तर आता कलम १३ब खाली परस्पर संमतीचा अर्ज करून हुकूमनामा घेणं हाच सरळ रस्ता. दोन अर्जांमधला सहा महिन्यांचा काळ योग्य प्रकरणात कोर्ट माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात ठरवलेलं आहे.

कोकणी मुस्लिम कुटुंबांतून हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१९ च्या कायद्याने शून्य आणि गुन्हा आहे, त्यावर काहीच उभं राहत नाही. खुला, म्हणजे बायकोने मागून घेतलेला घटस्फोट, किंवा मुबारत, म्हणजे दोघांच्या राजीखुशीचा, रीतसर झालेला असेल, तर तो इथे वैध असूनही परदेशात अपुरा पडू शकतो. इंग्लंडच्या १९८६ च्या कौटुंबिक कायद्याचं उदाहरण घ्या. कोर्टाच्या कार्यवाहीतून झालेला घटस्फोट आणि कार्यवाहीविना झालेला घटस्फोट यांना तो वेगवेगळी कसोटी लावतो. दुसऱ्या प्रकारात, दोघांपैकी एक जरी आधीचं अख्खं वर्ष ब्रिटनमध्ये नित्य राहत असेल, तर तो घटस्फोट मानला जात नाही. म्हणजे नवरा लेस्टरला नोकरीला आणि खुलानामा दापोलीत लिहिलेला, तर तो तिकडे चालणार नाही.

अशा वेळी वैवाहिक स्थिती जाहीर करून मागणारा दावा लावून कोर्टाचा हुकूमनामा घ्यावा. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे त्याच्या कायद्याच्या कलम ७ खाली, इतरत्र दिवाणी न्यायालयात. पण नवरा-बायकोपैकी कोणी ब्रिटनमध्ये राहत असेल, तर नुसती घोषणा पुरेल का, हे आधी तिकडच्या वकिलाला विचारा. घोषणा आधीच झालेल्या घटस्फोटाची असते, आणि इंग्लंडचं कोर्ट तो घटस्फोट कोणत्या मार्गाने झाला तेच पाहतं. स्त्रीला १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याखाली कोर्टातूनच विवाह संपवून घेता येतो, आणि परदेशासाठी तो हुकूमनामा जास्त भक्कम.

अपोस्टिल आणि अटेस्टेशन यांत काय फरक आहे, आणि मला कोणतं लागेल?

ते देशावर ठरतं. भारत २००५ पासून हेग अपोस्टिल कराराचा सदस्य आहे. समोरचा देशही सदस्य असेल आणि त्याने भारताबद्दल हरकत नोंदवलेली नसेल, तर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल पुरतं, दूतावासाचा शिक्का लागत नाही. ओमान, बहारीन आणि सौदी अरेबिया सदस्य आहेत, कॅनडाही जानेवारी २०२४ पासून आला. संयुक्त अरब अमिराती, कुवेत आणि कतार यांच्यासाठी मात्र जुनाच लांबचा रस्ता आहे. परराष्ट्र मंत्रालयाचं अटेस्टेशन, मग त्या देशाच्या दूतावासाचं किंवा वाणिज्य दूतावासाचं, आणि तिकडे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचं.

दोन्ही वाटांची पहिली पायरी एकच. हुकूमनामा वैयक्तिक कागदपत्रांत मोडतो, म्हणून आधी राज्य शासनाचं प्रमाणीकरण मुंबईत करून घ्यायचं आणि मग तो परराष्ट्र मंत्रालयाच्या नेमलेल्या केंद्रात द्यायचा. अपोस्टिलचं सरकारी शुल्क कागदामागे ५० रुपये आहे, त्यावर केंद्राचा सेवा आकार. एजंट हजारांत रक्कम सांगतो ती त्याच्या धावपळीची. देणं न देणं तुमच्यावर, पण सरकारी शुल्क किती ते माहीत असू द्या. स्टिकर कागदाच्या मागे लागतो आणि त्यावरचा क्रमांक ऑनलाइन पडताळता येतो. एजंटकडून कागद घेतानाच तो पडताळून पाहा.

आणि सगळ्यात आधी हे विचारा की शिक्का लागतो का. ब्रिटनच्या जोडीदार व्हिसासाठी हुकूमनाम्यावर अपोस्टिल असण्याची अट नाही, इंग्रजी भाषांतर मात्र हवं. अमेरिकेच्या विवाहाधारित अर्जातही आधीचे सगळे विवाह संपल्याचा पुरावा म्हणून प्रमाणित प्रत आणि भाषांतर मागतात. गरज नसताना चार कागदांवर अपोस्टिल करून पैसे आणि महिना घालवणारे पुष्कळ आहेत.

मराठी हुकूमनाम्याचं भाषांतर कोणी करायचं?

ब्रिटनसाठी भाषांतरावर चार गोष्टी हव्यात: हे मूळ कागदाचं अचूक भाषांतर असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव व सही, आणि त्याचा संपर्क. अमेरिकेत भाषांतरकार दोन्ही भाषा जाणतो असंही विधान लागतं. अमिरातीत अरबी भाषांतर तिथल्या परवानाधारक कायदेशीर भाषांतरकाराकडूनच करून घ्यायचं. इथून केलेलं तिकडे घेत नाहीत.

भाषांतर शिक्क्यांसकट पूर्ण असावं. नक्कल शाखेच्या शिक्क्यातल्या तारखाही भाषांतरात यायला हव्यात. आणखी एक गोष्ट नजरेने तपासा. न्यायिक विभक्ततेचा हुकूमनामा आणि घटस्फोटाचा हुकूमनामा हे वेगळे आहेत. पहिल्याने लग्न संपत नाही. भाषांतरात घटस्फोटाच्या जागी विभक्त असा अर्थ गेला, तर अर्ज तिथेच थांबतो.

पुनर्विवाहाच्या नोंदणीला इथे काय लागतं?

दोन वाटा आहेत. विधिवत लग्न लागलं असेल तर १९९८ च्या महाराष्ट्र कायद्याखाली स्थानिक विवाह निबंधकाकडे नोंदणी होते: गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपरिषदेत. नमुना ड भरायचा, त्यावर वधू-वर, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्या भटजींची सही. सोबत वयाचा व पत्त्याचा पुरावा, फोटो, लग्नपत्रिका, आणि घटस्फोटितासाठी हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत. वैवाहिक स्थितीच्या रकान्यात घटस्फोटित असंच लिहा. अविवाहित लिहिलेलं प्रमाणपत्र व्हिसाच्या फाइलमध्ये हुकूमनाम्याशेजारी लागलं, की एक तरी कागद खोटा आहे असा अर्थ होतो.

दुसरी वाट विशेष विवाह कायद्याची. विवाह अधिकाऱ्याकडे दोघांच्या सहीची नोटीस द्यायची. दोघांपैकी एक जण नोटिशीआधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला असावा. नोटिशीनंतर ३० दिवस थांबून, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत, तीन साक्षीदारांसमोर लग्न लागतं. तीन आठवड्यांच्या रजेवर आलेल्या माणसाला हे जमत नाही, म्हणून नोटिशीचं वेळापत्रक रजा टाकायच्या आधी ठरवा.

आधीचं विवाह प्रमाणपत्र रद्द करून आणा, असं महाराष्ट्रात कोणी सांगितलं तर ऐकू नका. हुकूमनाम्यानेच तो विवाह संपतो. पहिलं लग्न गोव्यात नोंदलेलं असेल तर गोष्ट वेगळी. तिथल्या नागरी नोंदणीत घटस्फोटाची नोंद करून घ्यावी लागते.

एका प्रकरणाचं वेळापत्रक मांडून दाखवाल का?

समजा गुहागरची स्त्री आणि परस्पर संमतीचा घटस्फोट. रत्नागिरीच्या वरिष्ठ स्तर न्यायालयाचा हुकूमनामा १० जानेवारी २०२५ चा. होणारा नवरा मूळचा देवरुखचा, मँचेस्टरला नोकरीला. दोघंही हिंदू.

तिने १३ जानेवारीला नकलेचा अर्ज केला आणि नक्कल २४ जानेवारीला तयार झाली. प्रत तपासताना दिसलं की लग्नाची तारीख १५ मे २०१६ लिहिली आहे आणि प्रमाणपत्रावर १६ मे आहे. कलम १५२ चा अर्ज, आधीच्या नवऱ्याची पुरशीस, दुरुस्ती, नव्या दोन प्रती. हे सगळं अपिलाच्या मुदतीतच उरकलं, त्यामुळे वेळ वाया गेला नाही.

आता मुदत. १० जानेवारीचा दिवस सोडून ९० दिवस मोजले की १० एप्रिल येतो. नक्कल मिळवण्यात गेलेले १३ ते २४ जानेवारी हे १२ दिवस अपील करणाऱ्याला सूट म्हणून मिळतात, म्हणजे २२ एप्रिल. ही सूट ज्याने नक्कल मागितली त्याची. म्हणून दुसऱ्या बाजूने नक्कल कधी काढली तेही विचारून घ्यावं आणि जी तारीख पुढची येईल ती धरावी. इथे २३ एप्रिलपासून रस्ता मोकळा. त्यानंतर तिने जिल्हा न्यायालयातून अपील नसल्याचा दाखला काढला.

नवऱ्याला मे महिन्यात तीनच आठवडे रजा, म्हणून विशेष विवाह कायदा सोडून विधिवत लग्न आणि त्याच आठवड्यात नगरपरिषदेत नमुना ड. नोंदणीत तिने पासपोर्टवर त्या दिवशी असलेलंच नाव घातलं. नंतर पासपोर्ट नव्याने काढताना हुकूमनामा आणि नवं विवाह प्रमाणपत्र दोन्ही दाखवून आधीच्या नवऱ्याचं नाव काढून नव्याचं घातलं. व्हिसाचा अर्ज नवा पासपोर्ट हातात आल्यावरच केला. फाइलमध्ये हुकूमनामा, त्याचं भाषांतर, अपील नसल्याचा दाखला आणि विवाह प्रमाणपत्र हे तारखांच्या क्रमाने लागले. अपोस्टिल केलं नाही, कारण लागत नव्हतं.

हीच स्त्री दुबईला जाणार असती तर विवाह प्रमाणपत्राचं अटेस्टेशन आणि अरबी भाषांतर यांसाठी वेगळा वेळ धरावा लागला असता.

लग्न परदेशातच लावायचं आहे. अविवाहित असल्याचा दाखला मागतात, तो कुठून आणायचा?

तिथल्या भारतीय दूतावासातून. पासपोर्ट, हुकूमनामा आणि सध्या विवाहबंधनात नसल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. दोघांपैकी एक जरी भारतीय नागरिक असेल, तर १९६९ च्या परदेशी विवाह कायद्याखाली दूतावासातच लग्न लावण्याची सोय आहे. पण यजमान देशाचा कायदा आड येत नसेल तरच, आणि तिथेही ३० दिवसांचं वास्तव्य व नोटीस असतेच.

आधीच्या जोडीदाराच्या व्हिसावर मी परदेशात आहे. इथे हुकूमनामा झाला की काय होतं?

अमेरिकेत एच-४ वर असाल तर घटस्फोट अंतिम होताच तो दर्जा संपतो, म्हणून दुसऱ्या दर्जासाठीचा अर्ज त्याआधी गेलेला हवा. ब्रिटनमध्ये नातं संपल्याचं गृह कार्यालयाला कळवावं लागतं आणि राहण्याची मुदत साधारणपणे ६० दिवसांवर आणली जाते. संमतीच्या प्रकरणात शेवटची तारीख कधी घ्यायची हे तुमच्या वकिलाच्या हातात बऱ्याच अंशी असतं. त्याला व्हिसाची तारीख आधीच सांगा.

मूल माझ्याकडे आहे. त्याला नव्या कुटुंबासोबत परदेशी नेता येईल का?

हुकूमनाम्यात ताबा आईकडे आहे एवढं पुरत नाही. परदेशी अधिकारी विचारतो की दुसऱ्या पालकाची संमती कुठे आहे, किंवा ती लागत नाही असं कोर्टाने कुठे म्हटलं आहे. म्हणून संमतीच्या अटी लिहितानाच तीन वाक्यं घाला: ताबा कोणाकडे, पासपोर्ट काढायला व नव्याने करायला दुसऱ्या पालकाची पुन्हा सही लागणार नाही, आणि मुलाला परदेशी वास्तव्यासाठी नेण्यास संमती आहे. भेटीचे हक्क असतील तर परदेशातून ते कसे पाळायचे, व्हिडिओ कॉलवर की सुट्टीत गावी आणून, तेही लिहा. मोघम ठेवलं तर पुढे त्यावरूनच अर्ज येतो आणि निघायच्या आठवड्यात मनाई मिळू शकते.

हुकूमनामा आधीच झालेला असेल आणि ही वाक्यं नसतील, तर त्याच कोर्टात हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलांबद्दलचा आदेश नंतरही मागता येतो. आधीचा जोडीदार राजी असेल तर हे सोपं आहे. त्याचं नवं लग्न ठरायच्या किंवा संबंध बिघडायच्या आत करून घ्या.

उलट बाजू: परदेशी कोर्टाचा घटस्फोट इथे पुनर्विवाहाला चालतो का?

लग्न हिंदू विवाह कायद्याखाली झालं असेल, तर कसोटी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ ची आणि सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या नरसिंह राव निकालाची. दोघांनी परदेशी कोर्टात हजर राहून संमतीने घेतलेला घटस्फोट सहसा मानला जातो. एकाने तिकडे राहून दुसऱ्याच्या गैरहजेरीत, विवाह पूर्ण मोडकळीला आला एवढ्याच कारणावर मिळवलेला घटस्फोट बहुधा टिकत नाही, कारण ते कारण आपल्या कायद्यात नाही. समन्स रत्नागिरीच्या पत्त्यावर आलं आणि बाई हजर झाली नाही, याचा अर्थ तिने त्या कोर्टाचा अधिकार मान्य केला असा होत नाही.

संमतीचा परदेशी हुकूमनामा असेल तर त्या देशाचं अपोस्टिल करून आणा, आणि ब्रिटनचा असेल तर अंतिम आदेश आणा, त्याआधीचा सशर्त आदेश नको. गैरहजेरीतला असेल आणि समोरचा आता राजी असेल, तर वाद घालत बसण्यापेक्षा इथे १३ब चा अर्ज करा. राजी नसेल तर तो हुकूमनामा बंधनकारक आहे की नाही याची घोषणा इथल्या कोर्टातून घ्यावी लागते. ती मिळेपर्यंत दुसरं लग्न करू नका. कलम १३ ची कसोटी न उतरलेल्या हुकूमनाम्यावर केलेलं लग्न इथे शून्य ठरतं आणि द्विभार्या-द्विपतित्वाची फिर्याद उभी राहू शकते.